प्रॉप्ड कॅन्टिलिव्हरचा कोलॅप्स लोड चुकतोय? आलेल्या आकड्यावरून चूक पकडा

परीक्षा जवळ आली की माझ्याकडे हे एकच गणित घेऊन पोरं येतात, कोणी भुसावळहून, कोणी पारोळ्याहून, आणि तक्रार ठरलेली, "सर, सगळं बरोबर केलं, उत्तरच जुळत नाही." एवढ्या वह्या बघून झाल्यात की आता मी आधी स्टेप्स बघतच नाही, शेवटचा आकडा विचारतो. चूक कुठली हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगून टाकतो, म्हणून इथे पण तसंच करू.

बीम असा धरा: डावं टोक A फिक्स्ड, उजवं टोक B नुसतं प्रॉपवर टेकलेलं, स्पॅन L, सगळ्या लांबीवर सारखा लोड w, सेक्शन सगळीकडे एकच आणि त्याचा प्लॅस्टिक मोमेंट Mp. बरोबर उत्तर ११.६६ Mp/L². आता तुमचं काय आलंय ते बघा.

- ६ किंवा ५.८३ आलं: लोडने केलेलं काम दुप्पट धरलंय.
- ८ आलं: एक हिंज विसरलात, किंवा मधल्या हिंजचा कोन अर्धाच घेतला, किंवा पहिला हिंज झाला तिथेच थांबलात. तिन्ही वाटा ८ लाच जातात, त्यामुळे हा आकडा सगळ्यात फसवा.
- १६ आलं: प्रॉपवर पण Mp लावलाय.
- १२ आलं: हिंज डोळे झाकून स्पॅनच्या मधोमध टाकला.
- ११.७३ आलं: हिंजची जागा इलॅस्टिक बेंडिंग मोमेंट डायग्राममधून उचलली.
- १३.०७ आलं: ०.४१४ L बरोबर काढलं पण मोजलं चुकीच्या टोकापासून.
- गुणक ११.६६ च आहे पण शेवटचं kN/m मधलं उत्तर साधारण १२ टक्के कमी येतंय: Mp चुकलाय, मेकॅनिझम नाही.

आता तपासायला लागू, आधी ते ज्याला अर्धा मिनिट पण लागत नाही.

हिंज मोजा

हा बीम एका डिग्रीने इंडिटर्मिनेट आहे, म्हणजे मोडायला एकूण दोन हिंज लागतात, एक A ला आणि एक स्पॅनमध्ये. प्रॉप तर पहिल्यापासूनच फिरायला मोकळा आहे, तिथे मोमेंट शून्य, तिथे स्टील यील्ड होण्याचा प्रश्नच येत नाही. तरी पोरं B ला गोल काढतात कारण आकृतीत बीम तिथे पण वळलेला दिसतो. वळलेला दिसतो हे खरं, पण त्या वळण्याला विरोध कोणी करत नाही म्हणून तिथे काम शून्य. मी आकृतीत प्लॅस्टिक हिंज भरीव काळा ठिपका काढायला लावतो आणि साधा सपोर्ट पोकळ गोल. एवढं केलं की १६ वाला प्रकार जवळपास बंदच होतो.

८ आलं असेल तर हे पण बघा की A चा ठिपका आहे का. A विसरलात की तुम्ही साधा सिंपली सपोर्टेड बीम सोडवलात, त्याचं उत्तर ८ Mp/L² आणि ते त्या बीमसाठी बरोबरच आहे, फक्त बीम तुमचा नाही.

८ ची दुसरी वाट जरा समजून घ्या, कारण तिथे काही पोरं अडून भांडतात. इलॅस्टिक हिशोबात A चा मोमेंट wL²/8 असतो, त्यामुळे w जेव्हा 8Mp/L² ला पोचतो तेव्हा A ला पहिला हिंज होतो. "मग मोडला ना भो बीम?" नाही मोडला. त्या क्षणी स्पॅनमधला जास्तीत जास्त मोमेंट ०.५६ Mp च्या आसपासच आहे, तिथे अजून बरीच ताकद शिल्लक. A चा हिंज Mp धरून ठेवून नुसता फिरत राहतो आणि पुढचा वाढीव लोड बीम सिंपली सपोर्टेडसारखा घेतो, थेट ११.६६ पर्यंत. पहिल्या हिंजनंतरची ही जवळपास ४६ टक्के जादा ताकद मिळावी म्हणून तर प्लॅस्टिक ॲनालिसिस करायचं.

Mp कुठल्या कॉलममधून घेतला

हे पण स्वस्तातलं काम, फक्त तक्ता उघडायचा. स्टील टेबलमध्ये इलॅस्टिक सेक्शन मॉड्युलस Ze आणि प्लॅस्टिक सेक्शन मॉड्युलस Zp असे दोन आकडे असतात. आयएसएमबी ३०० घेतला तर Ze ५७३.६ घन सेमी आणि Zp ६५१.७ घन सेमी. दोघांचं गुणोत्तर म्हणजे शेप फॅक्टर, इथे १.१४ च्या जवळ. Ze वापरलात की उत्तर तेवढ्याच प्रमाणात खाली, वर सांगितलेले १२ टक्के ते हेच.

उलटी गंमत पण होते, Zp घेतला आणि वरून परत शेप फॅक्टरने गुणलं. मग उत्तर १४ टक्के जास्त आणि पोरगं म्हणतं पुस्तक चुकलंय.

आणखी एक, प्रश्नात नुसता कोलॅप्स लोड मागितलाय की आयएस ८०० प्रमाणे डिझाइन ताकद, हे वाचा. डिझाइनमध्ये यील्ड स्ट्रेसला १.१ ने भागायचं असतं, त्यामुळे ९ टक्के फरक पडतो आणि तो फरक चूक नाही.

लोडचं काम

व्हर्च्युअल वर्कमध्ये पॉइंट लोडचं काम म्हणजे लोड गुणिले त्याच्याखालचं खाली जाणं. सारख्या लोडला तसं करता येत नाही कारण टोकाजवळचा लोड जवळपास हलतच नाही, हिंजजवळचा सगळ्यात जास्त हलतो. म्हणून w गुणिले बीमच्या मूळ रेषेच्या आणि वाकलेल्या आकाराच्या मधल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ. त्रिकोणाचा अर्धा विसरला की उत्तर थेट निम्मं, ६ किंवा ५.८३. हिंज कुठेही असो, त्रिकोणाचा पाया L च राहतो, उंची हिंजखालचं डिफ्लेक्शन, हे डोक्यात बसवलं की दोन तुकड्यांचं वेगवेगळं इंटिग्रेशन करायची गरजच नाही.

मधल्या हिंजचा कोन

स्पॅनमधल्या हिंजला दोन्ही बाजूचे तुकडे वळतात, डावा एका कोनात आणि उजवा दुसऱ्या कोनात, आणि हिंजला लागणारा कोन म्हणजे दोघांची बेरीज. मधोमध हिंज धरला तर A ला θ, मध्ये 2θ, एकूण काम 3Mpθ. मध्ये नुसता θ घेतला की 2Mpθ आणि उत्तर परत ८. म्हणूनच म्हटलं ८ फसवा आहे, तिथे तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोनांची अधिक-वजा चिन्हं पण बघायची नाहीत. A ला हॉगिंग, मध्ये सॅगिंग, म्हणून एकाला वजा करणारे भेटतात. पण हिंज नेहमी ऊर्जा खातो, परत देत नाही, त्यामुळे प्रत्येक हिंजचं काम अधिकच.

हिंजची जागा, खरी अडचण इथेच

वरचं सगळं बरोबर असूनही जर १२ येत असेल तर तुम्ही नव्वद टक्के पोरांच्या रांगेत आहात. डोक्यात सिंपली सपोर्टेड बीम बसलेला असतो आणि तो मधोमध मोडतो, म्हणून हा पण मधोमध. पण इथे दोन टोकं सारखी नाहीत. A बाजू घट्ट धरलेली आहे, ती मोमेंट अंगावर घेते, त्यामुळे सॅगिंगचा डोंगर B कडे सरकतो.

नेमका किती सरकतो ते काढायला हिंज प्रॉपपासून x वर धरा. B ला कोन φ घेतला तर हिंजखाली डिफ्लेक्शन φx, A चा कोन φx/(L−x), आणि हिंजचा कोन दोघांची बेरीज म्हणजे φL/(L−x). दोन्ही कामं समान ठेवली की:

```
Mp·φ·(L + x)/(L − x) = w·L·φ·x/2

w = 2·Mp·(L + x) / [L·x·(L − x)]
```

आता x बदलत गेलं की w बदलतो, आणि आपल्याला हवा तो सगळ्यात छोटा. का छोटा? कारण तुम्ही धरलेली कुठलीही मोडण्याची रीत ही फक्त एक अंदाज आहे, बीम तुमच्या अंदाजाची वाट बघत बसत नाही, त्याला जी रीत सगळ्यात कमी लोडला सापडते त्या रीतीने तो बसतो. म्हणून कायनेमॅटिक पद्धतीचं उत्तर खऱ्या इतकं किंवा खऱ्यापेक्षा जास्तच असतं, कमी कधी नाही. १२, ११.७३, १३.०७ हे तिन्ही ११.६६ च्या वरच आहेत ते याच कारणाने. (आणि तुमचं ११.६६ पेक्षा कमी आलं असेल तर जागेत शोधत बसू नका, काम किंवा हिंज मोजण्यात चूक आहे, मागे जा.)

डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की:

```
x² + 2Lx − L² = 0
x = (√2 − 1)L = 0.414 L     (प्रॉपपासून)
w = 11.66 Mp/L²
```

दुसरं उत्तर ऋण येतं, सोडून द्या. ज्यांनी अंतर फिक्स्ड टोकापासून धरलं त्यांचं समीकरण वेगळं दिसेल आणि उत्तर ०.५८६ L येईल, ते पण बरोबर, जागा तीच. लफडं तेव्हा होतं जेव्हा समीकरण एका टोकापासून मांडलं आणि पाठ केलेलं ०.४१४ दुसऱ्या टोकापासून टाकलं, तेव्हा १३.०७. आकृतीत x चा बाण काढा आणि तो कुठून सुरू होतो ते लिहा, बस.

डेरिव्हेटिव्हची भीती वाटत असेल तर कॅल्क्युलेटरवर x चे चार-पाच आकडे टाकून बघा:

```
x/L      w·L²/Mp
0.375    11.73
0.400    11.67
0.414    11.66
0.450    11.72
0.500    12.00
```

बघा तळ किती सपाट आहे. ०.३७५ ते ०.४५ मध्ये कुठेही हिंज टाका, फरक एक टक्क्याच्या आत. म्हणून इलॅस्टिक डायग्राममधली ३L/८ वाली जागा चुकीची असूनही उत्तर जवळ येतं, आणि चाचपडत उत्तर काढणाऱ्यांना पण फार त्रास होत नाही. परीक्षेत मात्र ११.७३ लिहिलं तर मार्क जातील कारण रीत चुकली.

उत्तराची उलट तपासणी

ही तपासणी मी सगळ्यांना करायलाच लावतो, पाच मिनिटं जातात पण मग कोणाला विचारायची गरज राहत नाही. स्पॅनमधला हिंज जिथे आहे तिथे मोमेंट सगळ्यात जास्त असायला हवा, म्हणजे शिअर शून्य. शिअर शून्य म्हणजे प्रॉपची रिॲक्शन बरोबर wx. मग B पासून हिंजपर्यंतच्या तुकड्याचा मोमेंट घेतला की साधं उत्तर:

```
w·x²/2 = Mp
```

हे जमलं तर उत्तर खरं, मेकॅनिझम पण खरी आणि कुठेही मोमेंट Mp च्या वर जात नाही हे पण खात्रीने. नाही जमलं तर हिंजची जागा चुकली.

एक पूर्ण उदाहरण करू. आयएसएमबी ३००, स्पॅन ६ मीटर, यील्ड स्ट्रेस २५० MPa. Mp म्हणजे ६५१.७ घन सेमी गुणिले २५०, युनिट्स सांभाळून १६२.९ kN·m. बरोबर रीतीने w येतो ५२.७५ kN/m आणि हिंज प्रॉपपासून २.४८५ मीटरवर. तपासा: ५२.७५ गुणिले २.४८५ चा वर्ग, भागिले २, उत्तर १६२.९. जुळलं.

आता मधोमध वाल्याचं बघू. त्याचा w येतो ५४.३. A ला मोमेंट Mp आहे हे धरून प्रॉपची रिॲक्शन काढली तर १३५.७५ kN. शिअर शून्य होतो १३५.७५ भागिले ५४.३ म्हणजे २.५ मीटरवर, त्याने हिंज टाकला होता ३ मीटरवर. आणि २.५ मीटरवर मोमेंट भरतो १६९.७ kN·m, जो सेक्शन घेऊच शकत नाही, त्याची हद्द १६२.९. म्हणजे ५४.३ ला पोचायच्या आधीच बीम बसलेला असणार.

पण हा प्रयत्न वाया जात नाही. सगळा लोड १६२.९/१६९.७ च्या प्रमाणात कमी केला की मोमेंट कुठेच Mp च्या वर राहत नाही, आणि तो लोड येतो ५२.१३. हा सुरक्षित बाजूचा आकडा. म्हणजे खरं उत्तर ५२.१३ आणि ५४.३ च्या मध्येच कुठेतरी, एकही डेरिव्हेटिव्ह न घेता. सेक्शन जिथे मध्येच बदलतो किंवा लोड वेडावाकडा आहे तिथे मी हेच करतो, अंदाजे हिंज टाकायचा, जास्तीत जास्त मोमेंट कुठे येतो ते बघायचं, हिंज तिथे सरकवायचा आणि परत. इथे ३ मीटरवरून २.५ वर सरकवला की एकाच फेरीत ५२.७५ च्या अगदी जवळ पोचता.

पॉइंट लोड असेल तर

जागेची भानगड नाही, हिंज लोडखालीच. लोड फिक्स्ड टोकापासून a वर आणि प्रॉपपासून b वर असेल तर W = Mp(L+b)/(ab). मधोमध असेल तर ६ Mp/L. इथे a आणि b ची अदलाबदल ही एकच नेहमीची चूक, आणि मधोमधच्या लोडवर तपासलं तर ती दिसतच नाही कारण दोन्ही सारखे. लोड प्रॉपपासून L/3 वर ठेवून बघा, बरोबर सूत्र परत ६ च देतं, उलटं सूत्र ७.५ देतं.

दोन पॉइंट लोड असतील तर प्रत्येकाखाली हिंज धरून दोन वेगवेगळ्या मेकॅनिझम सोडवा आणि छोटं उत्तर घ्या. सोडवताना दुसऱ्या लोडचं काम विसरू नका.

प्रॉप खचला तर?

हा प्रश्न मुद्दाम टाकतात. प्रॉप १० मिमी खचला, कोलॅप्स लोड किती? तितकाच. खचण्यामुळे पहिला हिंज कधी होतो ते बदलतं, पण दोन्ही हिंज झाल्यावर शेवटचा हिशोब नुसत्या समतोलाचा आहे, त्यात खचणं येतच नाही. इथे स्लोप डिफ्लेक्शन लावून पानं भरू नका.

इथे थांबा

आतापर्यंतचं सगळं वहीतलं. यानंतर कोणी म्हणतं, आमच्या जिनिंगमध्ये एक गर्डर आहे, एक टोक भिंतीत, दुसरं कॉलमवर, त्यावर अजून एक मशीन चढवायचंय, सर ११.६६ लावून सांगा ना. नाही सांगणार, आणि तुम्ही पण लावू नका.

पहिलं म्हणजे भिंतीत एक-दीड फूट घुसवलेलं टोक फिक्स्ड नसतं. विटांची भिंत Mp एवढा मोमेंट धरू शकत नाही, ती आधी फुटेल. A चा हिंजच गेला की तुमचा ११.६६ थेट ८ वर येतो. दुसरं, जिनिंगची मशीनं थरथरतात, आणि धक्क्याच्या किंवा वारंवार उलटसुलट होणाऱ्या लोडला आयएस ८०० प्लॅस्टिक ॲनालिसिस वापरू देत नाही. तिसरं, हिंज फिरायला सेक्शनचे फ्लँज आणि वेब जाड लागतात, आणि बीम आडवा लचकू नये म्हणून दाबातला फ्लँज धरलेला लागतो. वर स्लॅब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फिक्स्ड टोकाजवळ दाब खालच्या फ्लँजला असतो आणि त्याला स्लॅब धरत नाही. चौथं, फिक्स्ड टोकाला शिअर पण भरपूर येतो, वरच्या उदाहरणात १८५ kN च्या वर, आणि तो सेक्शनच्या डिझाइन शिअर ताकदीच्या साठ टक्क्यांवर गेला की Mp च कमी धरावा लागतो.

खरा बीम असेल आणि तो वाकलेला दिसतोय, भिंतीत टोकाजवळ तडा आहे, वेल्ड उघडलंय किंवा टोकाजवळचा रंग आडव्या-तिरप्या रेघांनी सोलला गेलाय, तर आधी त्याच्यावरचा लोड उतरवा, खाली टेकू द्या आणि माणसं बाजूला काढा, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याला स्पॅन, सेक्शनची उंची, फ्लँज-वेबची जाडी, दोन्ही टोकांचे जवळून फोटो आणि मशीनची नेमप्लेट एवढं तयार ठेवा.